सराव आवश्यक

तिसरीच्या प्रगतीपुस्तकात श्रेणींच्या तक्त्याखाली तीन रकाने असतात. विशेष प्रगती, आवड-छंद आणि सुधारणा आवश्यक. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्यामागचा विचार चांगलाच होता. नुसत्या लेखी परीक्षेवरून मुलाचं माप काढू नये, शिक्षकाने वर्षभर त्याच्याकडे बघावं आणि दोन ओळी आपल्या शब्दांत लिहाव्यात. यांना म्हणतात वर्णनात्मक नोंदी. पण सगळ्या मुलांच्या, सगळ्या विषयांच्या, त्याही दर सत्राला लिहायच्या म्हटल्यावर जे व्हायचं तेच झालं. नोंदींच्या तयार याद्या निघाल्या. आधी त्यांच्या झेरॉक्स फिरल्या, मग व्हॉट्सॲपवर पीडीएफ आल्या.

या याद्या मी जवळून पाहिल्या आहेत, कारण आमच्या घरी एप्रिल संपत आला की जेवणाच्या टेबलावर प्रगतीपुस्तकांचा ढीग येतो. बायको वर्गशिक्षिका आणि माझं अक्षर बरं, एवढ्या पुण्याईवर लेखनिकाचं काम माझ्याकडे असतं. 'वाचन स्पष्ट व सुस्पष्ट करतो.' 'उपक्रमांत आनंदाने सहभागी होते.' 'अभ्यासात सातत्य हवे.' ही वाक्यं लिहिताना डोकं लागत नाही, हा त्यांचा मोठाच गुण. छंदाच्या रकान्यात मुलगे क्रिकेट खेळतात आणि मुली रांगोळी काढतात. यादीत पुढे 'पोहणे' आहे, म्हणून हजेरीपटावर तिथे येणारी दोन मुलं पोहतात. गावची नदी जानेवारीतच आटते, पण छंदाला पाणी लागतंच असं नाही. मधूनच एखादी मुलगी 'वर्गात शांत बसतो'. पालक सही करतात. यावर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही, म्हणजे कुणी वाचतच नसणार.

यंदा हिने यादी बाजूला ठेवली. कारण ठरलं एक साधंसं वाक्य, 'गणितात सराव आवश्यक'. हे वाक्य मला यादीत सगळ्यात निरुपद्रवी वाटायचं. गणितात सराव कुणाला नको? पण हिने दोन वह्या माझ्यासमोर उघडल्या. दोन्हींत एकच वजाबाकी होती, ४०२ उणे १५८. दोन्ही उत्तरं चूक आणि दोघांच्याही प्रगतीपुस्तकावर गेल्या सत्रात तेच वाक्य, माझ्याच वळणदार अक्षरात.

बरोबर उत्तर २४४. मुलीच्या वहीत होतं ३५६. दोनातून आठ जात नाहीत ना, मग तिने आठातून दोन घालवले. शून्यातून पाच जात नाहीत, तर पाचातून शून्य. हातचा घ्यायची भानगडच नाही, जो अंक मोठा त्यातून लहान वजा. मुलाच्या वहीत होतं ३४४. हा गडी बराच पुढे गेलेला. एककाचे बारा केले, शून्याचे नऊ केले, सगळं रीतसर. फक्त ज्या चारातून शंभर उचलले, तो चार तसाच ठेवला. त्यामुळे उत्तर बरोबर शंभराने जास्त.

"आता या दोघांना सराव दिला तर काय होईल?" हिने विचारलं. मी गप्प. "ती उलटी वजाबाकी जास्त वेगाने करायला लागेल, आणि हा दर गणितात शंभर फुकट मिळवेल."

गंमत म्हणजे हा मुलगा दर गुरुवारी गैरहजर असतो, कारण गुरुवारी बाजार असतो आणि तो बापाबरोबर भाजीच्या पाटीवर बसतो. तिथे पाचशेच्या नोटेतून एकशे पंचाहत्तर वजा करून सुटे परत देताना तो कधी शंभर जास्त देत नाही. दिले असते तर बापाने त्याला गुरुवारीसुद्धा शाळेत धाडलं असतं. म्हणून हिने त्याला खेळातल्या नोटा दिल्या. शंभराच्या चार आणि रुपयाची दोन नाणी. यातली एक शंभराची नोट मोड, नऊ दहाच्या घे, उरलेल्या दहाचे सुटे घे. त्याने मोड घेतली आणि मोडलेली नोट आपल्याच हातात ठेवली. मग स्वतःच हसला आणि परत केली. मुलीसाठी मात्र नोटा नव्हे, आधी काड्यांच्या जुड्या काढाव्या लागल्या. दशक सोडता येतो हेच तिला पटलेलं नव्हतं.

मी मग लिहिलं ते असं. तिच्या रकान्यात: 'हातचा नसलेली वजाबाकी अचूक. वरचा अंक लहान असल्यास खालच्या अंकातून तो वजा करते. दहा काड्यांची जुडी सोडून सराव घ्यावा.' त्याच्या रकान्यात: 'हातचा घेणे जमते. मध्ये शून्य आल्यास शतक एकने कमी करण्याचे राहते. पैशांचा तोंडी हिशेब अचूक.' रकाना दोन बोटं रुंद. शेवटची ओळ मला समासात उभी लिहावी लागली.

चटपटीत मुलांच्या नोंदी लवकर होतात, वांड मुलांच्या त्याहून लवकर. अडतं ते मधल्या बाकांवर. हिने जूनपासून एका वहीत प्रत्येक मुलाला एक पान दिलं होतं, जे दिसेल ते तारीख घालून लिहायचं. दिवाळीनंतर पाहिलं तर काही पानं भरून वाहत होती आणि काही कोरी. कोऱ्या पानांवरची मुलं त्रास देत नाहीत, हात वर करत नाहीत, डबा सांडत नाहीत. तेव्हापासून रोज चारच मुलांकडे मुद्दाम बघायचं, आणि कोऱ्या पानांपासून सुरुवात, असा नेम झाला.

त्यातल्या एका मुलीच्या वहीला भोकं पडलेली असायची. फार खाडाखोड करते म्हणून 'नीटनेटकेपणा हवा' हे वाक्य तिच्यासाठी तयारच होतं. हिने एकदा ते पान उजेडासमोर धरलं. खोडलेल्या आकड्यांचा वळ कागदावर उठतो, तो वाचता येतो. पुसलेली उत्तरं बरीचशी बरोबर होती. शेजारणीचं वेगळं आलं की ही आपलं पुसायची. 'पहिले उत्तर बहुधा बरोबर असते, ते खोडू नये' अशी नोंद झाली. नीटनेटकेपणाबद्दल अक्षर नाही.

सगळंच लिहायचं नसतं, हेही याच टेबलावर कळलं. एक मुलगा दुसऱ्या तासाला डुलक्या घेतो. त्याचं कारण हिला ठाऊक आहे आणि ते आईशी बाजूला बसून बोलायचं कारण आहे. प्रगतीपुस्तक घरात फिरतं, शेजारी जातं, मामाकडे सुट्टीला जातं. 'आळशी', 'हट्टी', 'बडबड्या' हे शब्दही मी दोनदा लिहू पाहिले आणि हिने थांबवलं. काय पाहिलंस ते लिही, कसा आहे ते नको. 'बडबड्या' ऐवजी मग आलं, 'गोष्ट सांगताना शेवट आधी सांगून टाकतो'. वाचून त्याची आजी म्हणे खूप हसली, आजोबांवर गेलाय म्हणाली.

१ मे रोजी झेंडावंदनानंतर निकाल वाटला. यंदा पालक व्हरांड्यातच उभे राहून वाचत होते. भाजीवाल्याने नोंद दोनदा वाचली आणि विचारलं, "बाई, म्हणजे पास आहे ना?" आहे म्हटल्यावर त्याने पोराच्या पाठीवर थाप मारली आणि शून्याचं मी बघतो म्हणाला. आता हिला वाटलं, जिंकलं. तेवढ्यात दोन आया प्रगतीपुस्तकं शेजारी शेजारी धरून आल्या.

"बाई, हिच्या पोरीला पाच ओळी आणि माझ्या पोराला तीनच? त्याच्याकडं लक्ष कमी देता का?"

पुढच्या सत्रात मजकूर वेगळा पण ओळी सर्वांना सारख्याच, असं घरी ठरलं आहे. मोजायचं काम माझ्याकडे.