फोटोत बुडालेला वर्ग

मालवणात गणिताचा निवृत्त मास्तर म्हणून राहायचं तर व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वाचता यायला हवेत. पानभर माडाच्या झावळीची सावली, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा, शेजारच्या ताटातल्या बांगड्याची शेपटी अगदी सुबक, आणि घातांक तेवढा धूसर. देवबागच्या एका बारावीवाल्याने पाठवलेला फोटो याच घराण्यातला होता. इंटिग्रेशनचं गणित, छेदात `x² − 3x + 2`, अंशात `x`, मग एक डाग, मग `+ 3`. खाली मजकूर : "काका, उत्तर जमणा नाय. पुस्तक चुकला."

पुस्तक चुकलं हा निर्णय त्याच्या पुण्याच्या इंजिनियर मामाने दिला होता. मामाने डागाकडे दुर्लक्ष करून अंश `x + 3` धरला. छेदाचे अवयव `(x − 1)(x − 2)`. हा अख्खा अपूर्णांक एकदम इंटिग्रेट होत नाही. रापणीतली मासळी जशी आधी निवडून वेगळी करावी लागते, तसे एकेका अवयवाचे अपूर्णांक आधी वेगळे काढायचे. त्यासाठी झाकण्याची युक्ती आहे : `x − 1` बोटाने झाका, उरलेल्यात `x = 1` ठेवा. मिळतं `4/(−1)`, म्हणजे −4. मग `x − 2` झाकून `x = 2` ठेवा, मिळतात 5. उत्तर `−4 log|x − 1| + 5 log|x − 2| + c`.

पुस्तकात मात्र `x − 4 log|x − 1| + 7 log|x − 2| + c`. −4 जुळतो, 5 च्या जागी 7, आणि सुरुवातीला एक उपरा `x`. अर्धं उत्तर जुळलं की माणूस स्वतःवर नव्हे, छापखान्यावर संशय घेतो. मामा तर इंजिनियर.

मी पोराला म्हटलं, "मेल्या, तो सुटा `x` बघ." छेदाचे अवयव असे साधे आणि वेगवेगळे असतील, तर प्रत्येक तुकड्यातून निघतो फक्त लॉग. सुटा `x` लॉगमधून येत नाही. तो येतो 1 इंटिग्रेट केल्यावर. आणि नुसता 1 कधी निघतो? अंशाची कोटी छेदाइतकीच असेल तेव्हा. म्हणजे डागाखाली वर्ग असणार. खात्री हवी तर पुस्तकातलं उत्तर डिफरन्शिएट करा : `1 − 4/(x − 1) + 7/(x − 2)`. एकत्र केलं की अंशात `x² + 3` येतं. −4 का जुळला तेही कळलं : 1 चा वर्ग 1 च, त्यामुळे तिथे डागाने काहीच बिघडलं नाही. 2 चा वर्ग 4, तिथे मामा सापडला.

"घातांक खंय गेलो मगे?" मी विचारलं. "आमटी सांडली असतली," उत्तर आलं.

आता खरी गंमत. पोराने `x² + 3` घेऊन तीच झाकाझाकी केली. −4 आणि 7 बरोबर आले. `x` काही येईना. मी म्हटलं, `x = 0` ठेवून बघ. मूळ अपूर्णांक `3/2`. त्याचे तुकडे 4 आणि −3.5, बेरीज अर्धा. नेमका 1 कमी! झाकण्याची युक्ती असा अंशाधिक अपूर्णांक आला तरी तक्रार करत नाही, हीच तिची खोड. म्हणून आधी भागाकार करायचा : भागाकार 1, बाकी `3x + 1`. त्या बाकीवर युक्ती चालवली की पुन्हा −4 आणि 7 च मिळतात, कारण `x = 1` आणि `x = 2` ला छेद शून्य होतो, तेव्हा अंश आणि बाकी यांच्या किमती सारख्याच. युक्तीला फक्त बाकी दिसते. बाजूला काढलेला 1 तिच्या गावीही नसतो.

मामाला फार हसू नये. अपूर्णांकाचे असे तुकडे करून इंटिग्रेशन करण्यावर लायब्निझ आणि योहान बर्नुली या दोघांनी 1702 साली लिहिलं. त्यात लायब्निझने `x⁴ + a⁴` चे वास्तव द्विघाती अवयव पडत नाहीत असं मानलं. ते पडतात : `(x² + √2ax + a²)(x² − √2ax + a²)`. त्याच्या कागदावर तर आमटीही सांडलेली नव्हती.

मामाने शेवटी ग्रुपवर अंगठा टाकला. तो संमतीचा की पुढच्या फोटोतला, ते कळलं नाही.

तेव्हा फोटो पाठवणाऱ्या समस्त पोरांनो, पुस्तकामागचं उत्तरही फोटोत येऊ द्या, अंश-छेदातले घातांक हाताने टंकून पाठवा, आणि अंशाची कोटी छेदाइतकी किंवा जास्त दिसली तर मला फोन करण्याआधी भागाकार करा. बांगड्याचा फोटो वेगळा पाठवला तरी चालेल.