तिसऱ्या मजल्यावरचा पहारा

प्रत्येक सोसायटीत एक अण्णा असतात. वॉचमन खाली खुर्चीत घोरत असतो आणि तिसऱ्या मजल्यावर अण्णा जगाचा पहारा देत असतात. रात्रीचा पाऊण वाजलेला, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकापासून वीतभर. कुठेतरी क्षेपणास्त्र पडलेलं असतं. दुसरं पडलं का, हे पाहायला अण्णा दर दोन मिनिटांनी अंगठ्याने पडदा खाली ओढतात. बहुतेक वेळा नवं काहीच नसतं, आणि म्हणूनच अण्णा सुटत नाहीत. दर वेळी बातमी मिळाली असती तर पोट भरलं असतं, कधीच मिळाली नसती तर नाद गेला असता. कधी लागतो, कधी नाही, यावरच तर मटका चालतो. इकडे शरीराला भूगोल कळत नाही. धोका दिसला की ते पळायची तयारी करतं: छाती धडधडते, जबडा आवळतो, खांदे कानाकडे सरकतात. पळायचं कुठे? अण्णा तर चादरीत. सकाळी मान धरते, पोटात जळजळ होते आणि खापर फुटतं वांग्याच्या भाजीवर.

ही थट्टा वाटत असेल तर बोस्टनकडे पाहा. 2013 मध्ये तिथल्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्यानंतर काही आठवड्यांत संशोधकांनी अमेरिकेतल्या 4,675 प्रौढांना प्रश्न विचारले. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा जास्त त्याच बातम्या पाहणाऱ्यांनी तीव्र ताणाची जी लक्षणं सांगितली, ती प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक होती. यावर कोणी म्हणेल, मुळात घाबरट माणसंच जास्त बातम्या पाहत असतील. शंका रास्त आहे. म्हणून संशोधकांनी आधीचे मानसिक आजार हिशेबात धरले, तरी संबंध उरलाच. पुढे त्याच लोकांचा तीन वर्षं मागोवा घेतला, तेव्हा दिसलं की बातम्यांनी काळजी वाढते आणि वाढलेली काळजी पुढच्या संकटात आणखी बातम्या पाहायला लावते. म्हणजे शंकाही खरी आणि निष्कर्षही. बैल घाण्यालाच जुंपलेला.

अण्णांचा खरा बचाव वेगळा असतो: “जग पेटलंय आणि मी डोळे मिटू?” डोळे मिटायला कोणी सांगत नाही. पण तीच चित्रफीत विसाव्यांदा पाहून माहितीत कणभर भर पडत नाही, धडधड मात्र विसाव्यांदा होते. म्हणून बातम्या सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं, शक्यतो वाचून, व्हिडिओ टाळून. सूचनांची टिंगटिंग बंद. निश्चय मात्र उपयोगाचा नाही, तो साडेअकराला झोपतो. अंतर उपयोगाचं. हाताशी असलेला फोन उचलला जातो, दुसऱ्या खोलीतल्यासाठी उठावं लागतं, आणि अण्णांचे गुडघे त्यांच्या निश्चयापेक्षा भरवशाचे आहेत. गजरासाठी फोन लागतो म्हणाल, तर साधं घड्याळ कुठल्याही दुकानात मिळतं. तेव्हा अण्णा, आज तेवढा चार्जर स्वयंपाकघरात लावा.