चि. वजा चिन्हाच्या पिताश्रींस

आदरणीय पालक महोदय,

परवाच्या पालकसभेत आपण चिरंजिवांच्या विज्ञान भाग १ च्या उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्स प्रती सर्वांना वाटल्यात. त्यावर तांबड्या स्केचपेनने गोल करून ‘बाईंना वजा चिन्ह दिसत नाही’ असं लिहिलं होतंत. सभेत मला बोलायला दोन मिनिटं मिळाली आणि त्यातलं दीड मिनिट माइक चालू करण्यात गेलं. आपण प्रश्न चारचौघांत विचारलात, म्हणून उत्तरही चारचौघांतच देते आहे. मुलाचं नाव कुठेही घेत नाही, कारण या प्रकरणात त्याचा दोष सर्वांत कमी आहे.

प्रश्न असा होता: 20 सेमी नाभीय अंतराच्या बहिर्वक्र भिंगासमोर 30 सेमीवर 5 सेमी उंचीची वस्तू ठेवली आहे. प्रतिमेचे स्थान, स्वरूप आणि आकार काढा, भिंगाची शक्ती काढा आणि किरणाकृती काढा. गुण 5. चिरंजिवांना मिळाले 2. आपली मागणी उरलेल्या 3 गुणांची आहे.

आता तो ऐतिहासिक वजा. आपल्या प्रतीवर पहिल्याच ओळीत u = −30 सेमी असं स्पष्ट दिसतं. इतकं स्पष्ट, की पानावरची बाकीची अक्षरं त्याच्यापुढे लाजावीत. कार्यालयाने आपल्याला पाठवलेल्या स्कॅनमध्ये मात्र तिथे नुसतं 30 आहे. आपलं म्हणणं असं, की शाळेच्या यंत्राने वजा खाल्ला आणि आपल्याकडची प्रत तेवढी शाबूत राहिली. आपल्याकडची प्रत त्याच यंत्रातून निघाली आहे, हा किरकोळ मुद्दा मी सोडून देते.

यंत्र काही खातच नाही, असं मी म्हणणार नाही. आमच्या कार्यालयात स्कॅनिंग काळ्या-पांढऱ्यात होतं, म्हणजे कागदावरचा प्रत्येक ठिपका एकतर काळा ठरतो, नाहीतर पांढरा. मधली करडी छटा यंत्राला मान्य नाही. त्यामुळे फिकट पेन्सिलची बारीक रेघ, दशांश चिन्हाचं टिंब, खोडून वर हलक्या हाताने लिहिलेला आकडा, हे सगळं पांढऱ्यात जमा होऊ शकतं. माझी लाल शाईसुद्धा त्यात काळी होते. एवढं तुमच्या बाजूने आहे. पण चिरंजीव आकडे बॉलपेनने लिहितात, ठसठशीत लिहितात. त्याच पेनने, त्याच दाबाने लिहिलेले 3 आणि 0 जसेच्या तसे उमटावेत आणि त्यांना चिकटून असलेली रेघ तेवढी नाहीशी व्हावी, इतकी निवडक भूक कुठल्याच यंत्राला नसते.

शिवाय आपण मुख्याध्यापकांना मूळ फाइलही पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. झेरॉक्समध्ये जे झाकलं गेलं असतं ते फाइल मोठी करून पाहिलं की दिसतं. मुलाच्या अक्षरांच्या कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या आहेत. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये त्या तशाच असतात. वजाच्या कडा मात्र मऊ, करड्या आहेत, दोन्ही टोकं छान गोलाकार आहेत आणि जाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसारखी आहे. करडा रंग ज्या यंत्राला येतच नाही, त्याच्या पानावर तो आला कुठून, हे मी विचारत नाही. मोबाइलच्या पडद्यावर बोट बरीच मंडळी चालवतात.

पण फाइल क्षणभर बाजूला ठेवू. खरी साक्ष गणितच देतं. वजा चिन्ह खरंच लिहिलेलं असतं आणि नंतर हरवलं असतं, तर ते फक्त एका जागेवरून हरवलं असतं. पुढच्या ओळी त्याला ओळखत असत्या. भिंगाचं सूत्र 1/v − 1/u = 1/f. त्यात u = −30 घातलं की उणे उण्याला भेटतो आणि ओळ होते 1/v + 1/30 = 1/20. मग 1/v = 1/20 − 1/30 = 1/60, म्हणजे v = 60 सेमी. चिरंजिवांनी लिहिलंय 1/v − 1/30 = 1/20, त्याखाली 1/v = 1/20 + 1/30, आणि शेवटी v = 12 सेमी. म्हणजे आपल्याला नुसता एक वजा वाढवून भागणार नव्हतं. एका ठिकाणी वजाचं अधिक करायला हवं होतं, दुसऱ्या ठिकाणी अधिकचं वजा, आणि 12 च्या जागी 60. वाढवायला रेघ सोपी असते. अधिकमधली उभी रेघ काढणं जरा कष्टाचं, म्हणून बहुधा राहिलं असेल.

आणि 12 सेमी हे उत्तर येताच थांबायला हवं होतं, कारण ते होऊच शकत नाही. बहिर्वक्र भिंगाने समोरच्या वस्तूची वास्तव प्रतिमा तयार केली, तर ती नाभीय अंतराच्या आत कधीच पडत नाही. अनंत अंतरावरची वस्तूसुद्धा 20 सेमीवर येते, त्याहून जवळची वस्तू त्यापलीकडेच. ही परीक्षा वर्गात मी प्रत्येक उदाहरणानंतर घ्यायला लावते. गंमत म्हणजे चिरंजिवांनी खाली किरणाकृती बरोबर काढली आहे. वस्तू F₁ आणि 2F₁ यांच्या मध्ये, प्रतिमा 2F₂ च्या पलीकडे, उलटी आणि मोठी. आकृतीत प्रतिमा 40 सेमीच्या पुढे, गणितात 12 सेमीवर. एकाच पानावर दोन भिंगं नांदताहेत.

त्यापुढचा भाग मी उदार मनाने तपासला आहे. मागची चूक पुढे वाहत आली तर तिची शिक्षा दोनदा द्यायची नाही, असा माझा नियम आहे. विशालन M = 12/30 = 0.4, उंची 5 × 0.4 = 2 सेमी, हा हिशेब त्याच्या आकड्यांप्रमाणे बरोबर आहे. म्हणून त्या एका गुणातला अर्धा दिला. उरलेला अर्धा का नाही? कारण विशालन धन आलं की प्रतिमा सुलट असते आणि 2 सेमी हे 5 सेमीपेक्षा लहान असतात. चिरंजीव लिहितात: ‘प्रतिमा वास्तव, उलट व मोठी.’ हे वाक्य गाइडमधून पाठ आहे आणि त्याचा वरच्या गणिताशी परिचयच नाही.

भिंगाची शक्ती त्याने 1/20 = 0.05 D अशी काढली. नाभीय अंतर मीटरमध्ये घ्यायचं असतं. 0.2 मीटर, म्हणून 5 D. सूत्र माहीत होतं, त्याचा अर्धा गुण दिलेला आहे. आपण सभेत म्हणालात, ‘एकक तर समजूनच घ्यायचं असतं.’ तक्रार वाचताना आपण खिशातून जो चष्मा काढलात, तो समजा +2 चा असेल, तर त्याच्या भिंगाचं नाभीय अंतर 50 सेमी. 0.05 D चं भिंग म्हणजे 20 मीटर नाभीय अंतराचं. चष्म्याचे नंबर पावाच्या पटीत बनतात, त्यामुळे असं भिंग दुकानात मिळणं कठीण. मिळालंच तर साध्या काचेशी त्याचा फरक आपल्याला कळणार नाही, आणि वजा खरंच दिसेनासा होईल.

किरणाकृतीत बाण नव्हते, म्हणून तिथे अर्धा गुण कापला. बाण पेन्सिलचे असतात, ते स्कॅनमध्ये गेले असण्याची शक्यता मी गंभीरपणे घेतली आणि मूळ उत्तरपत्रिका पुन्हा काढून पाहिली. त्यात बाण नाहीत. पेपर मी कागदावर तपासते, स्कॅनवर नाही. स्कॅन आपल्या माहितीसाठी, तपासणी आटोपल्यावर काढला जातो. आपल्या प्रतीत मात्र तीन बाण आहेत आणि त्यातला एक भिंगातून बाहेर पडलेल्या किरणावर असून पुन्हा भिंगाकडे तोंड करून उभा आहे. मुलाचे बाण असते तर त्यातला हा एक तरी मी नक्कीच कापला असता.

राहिली पहिली ओळ. सूत्राला अर्धा गुण दिला, चिन्हाचा कापला. ही चूक झाली कशी, हे चिरंजिवांना वर्गात विचारलं तेव्हा त्याने सरळ सांगितलं: ‘बाबा म्हणाले, अंतर कधी वजा असतं का?’ बाबांच्या काळी एक वेगळी पद्धत होती. 1/v + 1/u = 1/f हे सूत्र, आणि प्रत्यक्ष वस्तू व वास्तव प्रतिमा यांची अंतरं धन. ती पद्धत चुकीची नाही. तिने सोडवलं तरी 1/v = 1/20 − 1/30, v = 60 सेमीच येतात. त्याने अख्खं उदाहरण तसं सोडवलं असतं, तर थोडी कुरकुर करून का होईना, मी गुण दिले असते. पण पुस्तकातलं सूत्र कार्टेशियन चिन्ह संकेतावर उभं आहे. प्रकाशीय मध्य हा आरंभबिंदू, वस्तू डावीकडे, डावीकडची अंतरं ऋण. त्या सूत्रातला वजा आणि u मधला वजा हे एकाच व्यवस्थेचे दोन भाग आहेत. आपण त्यातला एक घरी काढून टाकलात आणि दुसरा पुस्तकाकडे तसाच ठेवलात. ‘अंतर वजा नसतं’ हे आपलं तत्त्व निकालापर्यंत टिकलं. निकालानंतर आपणच स्वहस्ते 30 च्या आधी वजा जोडलात, म्हणजे कार्टेशियन संकेत आपल्याला अखेर पटला, याचा एक शिक्षिका म्हणून मला आनंदच आहे. तो परीक्षेच्या आधी पटला असता तर बरं झालं असतं.

गुण वाढणार नाहीत. मूळ उत्तरपत्रिका शनिवारी प्रयोगशाळेत ठेवते आहे, ती जरूर पाहा. सोबत 20 सेमीचं भिंग, पट्टी, मेणबत्ती आणि पुठ्ठ्याचा पडदा असेल. मेणबत्ती भिंगापासून 30 सेमीवर लावू. चिरंजीव 60 सेमीवर पडदा धरेल, आपण 12 सेमीवर धरा. त्याच्या पडद्यावर दुप्पट उंचीची उलटी ज्योत येईल. आपल्या पडद्यावर नुसता उजेडाचा गोळा दिसेल, पण आपण धीर सोडू नये. मेणबत्त्या पुरेशा मागवल्या आहेत. फक्त साडेपाचला शिपाईमामा कुलूप लावतात.

आपली नम्र,
विज्ञान शिक्षिका, इयत्ता दहावी