मुहूर्त पुढे ढकलताय? आधी गुरुजींना फोन करा

वास्तुशांतीची तारीख बदलली की केटररला फोन जातो, मंडपवाल्याला जातो, साडीवाल्या मावशींनाही जातो. गुरुजींना मात्र आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ जाते: 'उद्याचं कॅन्सल, नंतर कळवतो.' खाली हात जोडल्याचं चित्र. ही पद्धत बंद व्हायला हवी.

गुरुजींचं काय जातं, ते बघा. पुण्याहवाचन, नांदीश्राद्ध, ग्रहमख, मुख्य होम, बलिदान, पूर्णाहुती हे सगळं नीट करायचं तर चार-पाच तास सहज लागतात. म्हणजे सकाळ पूर्ण अडकते आणि त्या सकाळी दुसरं मोठं काम घेता येत नाही. संध्याकाळी फार तर एखादा सत्यनारायण. त्यातून चांगला मुहूर्त रविवारी आला, तर त्याच तारखेसाठी आणखी दोघांचे फोन येऊन गेलेले असतात आणि गुरुजींनी तुमच्या शब्दावर त्यांना नाही म्हटलेलं असतं. होमाला मदतीला येणाऱ्या दुसऱ्या गुरुजींचीही सकाळ गेलेली असते. साहित्य गुरुजींकडेच सोपवलं असेल, तर समिधा आणि वास्तुप्रतिमा पुढे चालतात. विड्याची पानं, फुलं, दूर्वा वाया जातात.

एका ओळखीच्या कुटुंबाचं उदाहरण घ्या. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यातला, वैशाखातला रविवार ठरला होता. बिल्डरने चावी 'नक्की' देतो म्हटलं होतं. भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नव्हतं, आणि ते एप्रिलमध्येच सगळ्यांना दिसत होतं. तरी गुरुजींना कळलं शुक्रवारी रात्री. वर विचारणा अशी, की 'पुढच्या रविवारी करू या ना?'

पुढचा रविवार म्हणजे 17 मे 2026. त्याच दिवशी अधिक ज्येष्ठ सुरू होतो आणि 15 जूनपर्यंत चालतो. अधिक मासात वास्तुशांती करत नाहीत. मग उरतो 16 जूनपासूनचा निज ज्येष्ठ. त्यापुढे 25 जुलैला आषाढी एकादशी, चातुर्मास सुरू. श्रावणात वास्तुशांती करणारी घरं आहेत, पण पितृपक्षात कोणी करत नाही. या मधल्या दिवसांतही नक्षत्र, तिथी, अग्निवास आणि यजमानांचं चंद्रबळ जुळलेला दिवस हवा. आणि तो मिळालाच, तरी तेव्हा गुरुजी मोकळे हवेत! एप्रिलमध्ये एक फोन केला असता, तर निज ज्येष्ठातला चांगला दिवस या कुटुंबासाठी अडवून ठेवता आला असता. आता ते इतरांच्या मागे रांगेत आहेत.

सुतकाची गोष्ट वेगळी. भावकीत कोणी गेलं, तर दहा दिवसांचं सुतक कोणाच्याच हातात नाही, आणि त्यासाठी कोणी गुरुजी रागावणारही नाहीत. पण तेव्हाही फोन करा. कोण गेलं, नातं काय, कधी गेलं, हे तिन्ही सांगा, कारण सुतक किती धरायचं ते त्यावर ठरतं आणि पुढची तारीखही त्यावरच. नांदीश्राद्ध होऊन कार्य सुरू झाल्यावर बातमी आली, तर कार्य थांबवत नाहीत, असा शास्त्रार्थ आहे. अशा वेळी घाबरून पूजेवरून उठू नका. समोर बसलेल्या गुरुजींनाच विचारा.

तारीख बदलताना नवी तारीख आधी गुरुजींकडून घ्या, हॉल आणि केटरर नंतर. उलटं केलं, की हॉल मिळाला म्हणून गुरुजींवर मुहूर्त 'काढून द्या' असा दबाव येतो. चावी मिळाली आहे पण सगळ्यांना जमत नाही एवढीच अडचण असेल, तर ठरल्या दिवशी गणेशपूजन आणि कलशपूजन करून दूध उतू घालवा आणि वास्तुशांती पुढच्या मुहूर्तावर करा. गुरुजी स्वतःच हा मार्ग सुचवतात, फक्त विचारावं लागतं.

आता पैशाचं. दोन-तीन आठवडे आधी कळवलंत, तर गुरुजींना ती तारीख दुसऱ्याला देता येते आणि दिलेला आगाऊ पुढच्या तारखेला धरावा, हे रास्त. आठवड्याच्या आत रद्द केलंत, तर आगाऊ परत मागू नका. आणलेल्या साहित्याचे पैसे द्या आणि मदतीच्या गुरुजींचं काय, तेही विचारा. गुरुजींनीही आगाऊ घेतानाच हे स्पष्ट सांगावं. संकोचाने गप्प राहायचं आणि मग मनात धरायचं, यात कोणाचंच भलं नाही. आणि दुसऱ्या तारखेला परस्पर दुसरे गुरुजी ठरवले असतील, तर पहिल्यांना तसं सरळ सांगा. ते तुमच्यासाठी तारीख अडवून बसलेले असतात.

तुमच्या घराची चावी अजून हातात नसेल आणि मुहूर्त पंधरा दिवसांवर आला असेल, तर आज संध्याकाळीच गुरुजींना फोन लावा.