नाना आणि सोन्याचं टिंब

आमच्या जाहिरातींच्या हापिसात गणपती उठले की नाना बोलेनासे होतात. म्हणजे तोंडानं बोलतात, पण ते बोलणं आपल्याशी नसतं. कागदावर एक ओळ लिहायची, चष्मा कपाळावर सरकवायचा आणि तीच ओळ तीन आवाजांत म्हणून बघायची: एकदा ठणठणीत, एकदा कापऱ्या आवाजात आणि एकदा च्युइंगगम चघळल्यासारखी. नवा पोरगा पहिल्या दिवशी घाबरला होता. त्याला सांगितलं, घाबरू नकोस, दिवाळीच्या जाहिराती सुरू झाल्यात. पहिला आवाज गिऱ्हाइकाचा, दुसरा त्याच्या आईचा आणि तिसरा त्याच्या मुलाचा.

नाना मजकूर लिहितात. हुद्द्याचं इंग्रजी नाव व्हिजिटिंग कार्डावर आहे, पण स्वतःबद्दल ते एवढंच सांगतात, ‘मी टिंबं मोजतो.’ लाल पेन्सिल कानावर ठेवायची आणि दिवसभर ती टेबलावर शोधायची, हा एक विधी. सापडली की म्हणायचं, ‘कानाला विचारा, कान खोटं बोलत नाही.’ हे वाक्य पेन्सिलीबद्दल नसून भाषेबद्दल असतं, हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

अशा माणसाला दोन मराठी एकत्र नांदवायच्या असतात. नानांच्या स्वतःच्या संसारातही त्या नांदतात. घरी त्यांचं ‘डोकं दुखतं’, रजेच्या अर्जात मात्र ‘डोके दुखत असल्याने’ येतं. मी एकदा विचारलं, ‘नाना, डोकं एकच ना?’ तर म्हणाले, ‘दुखणं एकच आहे. पण साहेबासमोर टिंब घेऊन जाता येत नाही.’

हे टिंब म्हणजेच सगळं दुखणं. लोकांना वाटतं, जाहिरातीची मराठी शुद्ध की बोलीतली हा प्रश्न ‘मंगलमय पर्वानिमित्त’ म्हणायचं की ‘एकदम भारी’ म्हणायचं एवढाच आहे. तो सोपा आहे, नाना त्याला पाच मिनिटं देतात. ‘मंगलमय’ कुणी वाचत नाही आणि ‘एकदम भारी’ पुढच्या दिवाळीपर्यंत शिळं होतं. खरी खोच शेपटात असते. सोने घेतले की सोनं घेतलं? घर सजले की घर सजलं? उटणे की उटणं? एक वाचलं की शाळेचा फळा दिसतो, दुसरं वाचलं की ओटीवरच्या गप्पा ऐकू येतात. आणि सणाचे शब्द बघा: सोनं, घर, तोरण, उटणं, लक्ष्मीपूजन. नाना कपाळाला हात लावून म्हणतात, ‘सगळी नपुंसकलिंगी! दिवाळीनं माझ्याशी वैर धरलंय.’

गेल्या वर्षीची गोष्ट सांगतो. सांगलीकडचे एक सराफ आले होते. सराफ म्हणजे एकटे नव्हे, तीन पिढ्या. धोतर-कोटातले आजोबा, पंचावन्नच्या आसपासचे वडील आणि दुकानाचं इन्स्टाग्राम सांभाळणारी नात. अर्धं पान वर्तमानपत्रात, तोच मजकूर चौकातल्या फलकावर आणि तोच फोनवर. तिघांनीही मजकूर लिहूनच आणला होता. गिऱ्हाईक मजकूर लिहून आणतं तेव्हा नानांचा चेहरा लग्नात आहेर मोजणाऱ्या माणसासारखा होतो.

आजोबांच्या कागदावर होतं, ‘आमचे येथें शुद्ध सोनें मिळेल.’ वडिलांच्या कागदावर, ‘आमच्याकडे शुद्ध सोने मिळेल.’ नातीनं फोन पुढे केला. ‘सोनं? आमच्याकडेच ना!’

आम्ही हसलो. नाना हसले नाहीत. त्यांनी तिन्ही एकाखाली एक लिहून काढलं: सोनें, सोने, सोनं. मग ते आजोबांना म्हणाले, ‘आपली शाळा बासष्टच्या आधीची.’ आजोबा खूश झाले. १९६२ साली सरकारनं मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम स्वीकारले. त्यांत, जे अनुस्वार उच्चारले जात नाहीत ते लिहायचेही नाहीत असं ठरलं. नांव, गांव, कांहीं यांच्या डोक्यावरची टिंबं गेली आणि सोनेंचंही गेलं. वडील त्यानंतर शाळेत गेले, म्हणून त्यांचं सोने बोडकं. आणि नातीनं जसं बोलतात तसं लिहिलं, म्हणून टिंब परत आलं, पण मात्रा गेली. आजोबा आणि नात दोघांचीही सोन्यावर टिंब ठेवायची इच्छा, मधल्या वडिलांचाच काय तो विरोध. बहुतेक घरांत असंच असतं म्हणा.

मग वाद सुरू झाला. आजोबांना ‘ग्राहकवर्गास’ हवं होतं, वडिलांना घडणावळीवरची सूट सगळ्यात मोठ्या अक्षरात आणि नातीला ‘ये, बघ, घेऊन जा!’ इथे मात्र नाना ताडकन म्हणाले, ‘बाळ, दुकान कुणाला तू म्हणत नाही. उधारी मागतानासुद्धा म्हणत नाही.’ अर्धं पान जिच्या हातात पडणार ती कुणाची तरी आत्या असते, हे त्यांचं जुनं म्हणणं. आणि ‘आपण’सुद्धा नको, कारण वर ‘आपण’ लिहिलं की खाली ‘यावे’ लिहावं लागतं, ‘यावे’ आलं की ‘ही नम्र विनंती’ येते, आणि मग ती जाहिरात राहत नाही, मुंजीची पत्रिका होते. ‘या’ म्हणावं. ‘या’ आजोबांनाही चालतं, जावयालाही चालतं आणि दहावीतल्या पोरालाही. मोती साबणाच्या जाहिरातीतला तो ‘उठा उठा’ आठवा, त्यात कुणाचा अपमान झाला?

त्या रात्री नानांनी वाईला आईला फोन लावला. आई चौऱ्याऐंशीच्या. दर दिवाळीला हा फोन असतो आणि दर दिवाळीला आई आधी औषधांचं सांगतात. मग नाना ओळ वाचून दाखवतात, आई ऐकतात आणि निकाल देतात. निकाल दोनच: ‘बरं आहे’ किंवा ‘कुणाचं पत्र आलंय?’ त्या दिवशी पाच ओळींना ‘कुणाचं पत्र आलंय?’ मिळालं. सहावी ओळ वाचायच्या आधीच आई म्हणाल्या, ‘अरे, दसऱ्याला आपण कसं म्हणतो, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. तसं काही लिही की.’

नाना दुसऱ्या दिवशी हापिसात आले ते आनंदात. मला वाटलं, तीच ओळ घेणार. तर म्हणाले, ‘ती घेता येत नाही. सोने घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणून बघ. तहसीलदारानं शुभेच्छा दिल्यासारखं वाटतं. आणि टिंबं ठेवली तर वडील सही करत नाहीत. पण संक्रांतीचं बघ. तिळगूळ घ्या, गोड बोला. शुद्ध लिही, बोलीत लिही, एक अक्षर हलत नाही! मास्तरही तेच म्हणतात आणि मोलकरीणही तेच म्हणते.’

आणि मग त्यांनी मला ते दाखवलं, जे व्याकरणाच्या पुस्तकांतून मी पास होऊनही मला कधी दिसलं नव्हतं. लिहिण्याची मराठी आणि बोलण्याची मराठी सगळीकडे वेगळी नसतेच. साडी घेतली: दोन्हीकडे तेच. फराळ झाला: तेच. दागिने आले, पणत्या लावल्या, सूट मिळेल: तेच. भांडण लागतं ते मुख्यतः नपुंसकलिंगाशी, नाहीतर ‘येथे’ आणि ‘इथे’ अशा चिल्लर शब्दांशी. म्हणजे क्रियापद ज्या नामामागे चालतं ते नाम बदललं की भांडण मिटतं. मंगळसूत्र घेतले की घेतलं हा पेच पडतो, ठुशी घेतली यात पडत नाही. आणि सोनं हा शब्द टाळता येत नाही तर त्याला प्रत्यय लावावा. सोन्याचा, सोन्याची, सोन्याच्या. ‘प्रत्यय लागला की टिंब आपोआप गळतं,’ नाना म्हणाले, ‘जावई झाला की माणसाची शिटी गळते तसं.’

संध्याकाळी सराफांसमोर कागद ठेवला. मोठ्या अक्षरात दोन ओळी: ‘दिवाळी आली. ठुशी घेतली का?’ खाली, ‘पाडव्याच्या मुहूर्तावर सोन्याच्या दागिन्यांच्या घडणावळीवर सूट. सहकुटुंब या.’ अगदी तळाला, बारीक, ‘अटी लागू.’ तेवढं शुद्धच ठेवायचं असतं. ‘अटी आहेत हं’ असं लिहिणाऱ्या सराफाकडून कोण सोनं घेईल?

आजोबांनी वाचलं आणि मान डोलावली. ‘भाषा जपलीत.’ नातीनं वाचलं आणि म्हणाली, ‘काका, सेम आमच्यासारखं लिहिलंय!’ वडिलांनी तीनदा वाचलं. त्यांना काहीतरी खटकायला हवं होतं, पण सापडत नव्हतं. शेवटी त्यांनी सूट आणखी मोठी करायला सांगितली आणि सही केली.

नातीचा थोडा हिरमोड झाला होता, कारण तिला ते टिंब हवंच होतं. नानांनी तिची सोय केली. बासष्टच्याच नियमांत, पात्राच्या तोंडी बोलण्याची भाषा बोलण्यासारखी लिहायला मुभा आहे. तेव्हा फोनवरच्या रीलमध्ये तिनं आपल्या आजीला बसवावं, हातात पाटल्या घालाव्यात आणि आजी जशी बोलेल तसंच खाली लिहावं. आजी बोलली, ‘सोनं काय, कधीही घेता येतं गं. पाडव्याला घेतलं की लक्षात राहतं.’ दोन वाक्यांत पाच टिंबं. वडील गप्प बसले, कारण बोलणारी त्यांची आई होती.

हा उपाय सगळीकडे चालतो असं नाही. नागपूरच्या गिऱ्हाइकाला ‘सोनं घेतलं का’ हेही पुण्याचंच वाटतं, आणि ते बरोबर आहे. बोलीतली मराठी म्हणून आम्ही जी छापतो, ती बहुतेकदा सदाशिव पेठेतल्या जेवणाच्या टेबलावरची असते. तिथे नाना हात टेकतात आणि तिकडच्याच माणसाकडून ओळ लिहून घेतात. फक्त टिंबं स्वतः मोजतात.

मोजतात याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी हट्टानं एका फलकावर ‘सोनं’ लिहिलं होतं. जुन्या फॉन्टमधून मजकूर युनिकोडमध्ये नेताना कुठेतरी टिंब गळालं आणि वीस फुटी फलकावर झळकलं, ‘सोन घ्या’. चार दिवस ते तसंच होतं. निवृत्त शिक्षकांची पत्रं आली, एका पत्रात सोन हे कुणाच्या लेकाचं नाव आहे का अशी पृच्छा होती. नाना त्या चौकातून अजून जात नाहीत, रिक्षावाल्याला वळसा घालायला लावतात आणि वरचे पैसे देतात.

तेव्हा यंदा धनत्रयोदशीच्या पेपरात कुठे ‘सोन’ दिसलं तर कृपा करून आमच्या हापिसात फोन करू नका. पाडवा होऊ द्या, मग करा. नाना स्वतःच उचलतील.