काठ कुणाचा कापायचा?

घरातली वस्तू टाकाऊ आहे की नाही, हे ओळखायची एकच खात्रीची रीत आहे. ती मागून बघायची. माळ्यावरच्या ट्रंकेत वर्षानुवर्षं घडी न मोडलेली साडी, जिची आठवण उंदरांशिवाय कुणाला नव्हती, ती कात्री हातात घेऊन मागितली की तिला एकदम इतिहास फुटतो. ती धाकट्या नणंदेच्या बारशाला घेतलेली असते. ती घेताना दुकानदाराने पाच रुपये सोडले नव्हते आणि त्यावरून सासरे दोन दिवस जेवले नव्हते. सासूबाई हे सांगत असतात तोवर साडी त्यांच्या मांडीवर गेलेली असते आणि माझी कात्री पाठीमागे.

एरवी मी या भानगडीत पडले नसते. पण मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबंदी आली, तिच्यात सजावटीचं थर्माकोलही गेलं, आणि गणपतीचं तयार मखर पिशवीत घालून एसटीने सावळघाटातून आणायची आमच्या घरची सोय संपली. तेव्हापासून सजावटीचं खातं माझ्याकडे. या खात्याला बजेट नाही. आहेत त्या एका डब्यात जुन्या बांगड्या, मोरीमागे रिकाम्या बाटल्या, आणि ट्रंकेतल्या साड्या, ज्यांचं वर सांगितलं.

त्यातून आमचं गाव पेठ. इथे पाऊस येतो तो मुक्कामालाच. भाद्रपदापर्यंत भिंतीला ओल, काडेपेटीला ओल, पापडाला तर विचारूच नका. शहरातल्या बायका पुठ्ठा कापून त्यावर कापड चिकटवतात आणि तोरण तयार म्हणतात. इथे पुठ्ठ्याने चतुर्थीला मान टाकली की ऋषिपंचमीला तो दारावरून नमस्कार करत असतो. गोंदाची तीच गत. सुताराचा पांढरा गोंद लाकडाला, कागदाला, कापडाला उत्तम, कारण त्याला आत मुरायला जागा लागते. काचेत आणि बाटलीच्या प्लास्टिकमध्ये मुरायला जागाच नाही. तो वरवर वाळतो, छान दिसतो, आणि दोन दिवसांनी आख्खा पापुद्रा निघून हातात येतो. ग्लू गनचा गरम गोंद बरा, पण गुळगुळीत काचेवर त्याचीही पकड कच्चीच. शिवाय जाऊबाईंनी तोरणाशेजारी दिव्याची माळ लावली, तिच्यातले बल्ब जुने, तापणारे. गोंद हळूहळू मऊ पडला आणि आरतीच्या ऐन 'घालीन लोटांगण'ला एका बांगडीने खरोखरच लोटांगण घातलं.

म्हणून आता आमच्या तोरणाला गोंद नाही. सुई आणि दोरा, बस्स.

दार साडेतीन फुटांचं, म्हणजे बेचाळीस इंच. बांगड्या कोणत्या मापाच्या आहेत ते आधी बघावं लागतं. कासार 'दोन-चार' म्हणतो तेव्हा त्याला दोन इंच आणि वर एका इंचाचे सोळा भाग करून त्यातले चार म्हणायचं असतं. थोडक्यात आतून सव्वादोन इंच. 'दोन-आठ' म्हणजे अडीच. एका घरात निरनिराळ्या मनगटांच्या पिढ्या नांदत असल्याने डब्यात सगळी मापं मिसळलेली असतात, आणि दोन-चार व दोन-सहा शेजारी ठेवल्या तर डोळ्याला कळत नाही. तोरण दारावर चढल्यावर मात्र खालची कड करवतीसारखी दिसते. त्यावर उपाय सोपा आहे. बांगडीवर बांगडी ठेवून बघायची. जिची आतली कड दुसरीच्या कडेशी जुळत नाही ती वेगळ्या मापाची. दोन-चारची बांगडी काठ गुंडाळल्यावर बाहेरून अडीच इंचांच्या आसपास भरते. सोळा बांगड्या कडेला कड लावल्या की चाळीस इंच, आणि दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा. सतरावी कोंबायचा मोह होतो. कोंबली की मधल्या फुगून पुढे येतात.

बांगडी काचेची असो वा लाखेची, तिच्यावर एक इंच रुंदीची पट्टी तिरकी गुंडाळायची. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढला पाहिजे. पहिलं टोक बांगडीला दोऱ्याने बांधायचं, शेवटचं टोक कापडालाच टाचायचं. कापड कापडाला धरून राहतं, बांगडीला कशाचीच तोशीस नाही. एका बांगडीला सव्वा फूट पट्टी पुरते. सोळांना वीस फूट झाली. सहावारी साडीचा काठ दोन्ही बाजूंचा मिळून छत्तीस फूट तरी निघतो, म्हणजे निम्म्याहून थोड्या जास्त काठात तोरण होतं. हा हिशेब मी सासूबाईंना समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "मग निम्मीच साडी काप."

काठ कापताना काठालगत कापू नये. साडीच्या अंगाचं अर्धा इंच कापड काठाबरोबर घ्यायचं आणि ते आत दुमडायचं. नाहीतर जरीच्या तारा सुटून तोरणाखालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या केसांत अडकतात. रुंद काठ उभा चिरून दोन पट्ट्या काढायची हुशारीही करू नये, कारण चिरलेल्या कडेला कोणी वाली नसतो. बांगड्यांना रोजच्या साडीचा अरुंद काठ घ्यावा, आणि चार बोटं रुंदीचा भारी काठ खाली लोंबायला ठेवावा.

आता भारी काठ म्हणजे किती भारी, हा प्रश्न इस्त्रीशी गाठ पडेपर्यंत कोणी विचारत नाही. हल्लीच्या बहुतेक साड्यांतली जर म्हणजे चकाकणारं प्लास्टिक. गरम इस्त्री तिच्यावर ठेवली की काठ आक्रसून झालर होते आणि ती झालर परत सरळ होत नाही. म्हणून आधी टोकाची एक तार उसवून ज्योतीवर धरायची. वितळून तिचा बारीक मणी झाला तर ती प्लास्टिकची. इस्त्री कोमट, आणि वर सुती फडकं. आतला धागा जळून गेला आणि तार तारच राहिली, तर कात्री खाली ठेवायची. ती चांदीची असू शकते. जुन्या जरीच्या साड्या विकत घेणारे लोक दारोदार फिरतात ते काही कलेची आवड म्हणून नव्हे.

या तारेच्या परीक्षेने आमच्या घरात फार मोठा घोळ घातला. सासूबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी आख्खी ट्रंक खाली काढून प्रत्येक साडीची एकेक तार निरांजनावर धरली. मणी झाला की चेहरा पडायचा. मग त्या साडीचा इतिहास तिथल्या तिथे बदलायचा. "ही तुझ्या मामेसासऱ्यांनी दिलेली. मला तेव्हाच शंका आली होती." जिच्यावरून सासरे दोन दिवस उपाशी राहिले ती साडीही मणी निघाली. ती सासूबाईंनी स्वतः उचलून माझ्याकडे भिरकावली. "घे, काप." पाच रुपये न सोडणाऱ्या दुकानदाराचा उद्धार पुढे चालूच राहिला, पण मला काठ मिळाला.

राहिल्या बाटल्या. त्या जमवायचं काम यजमानांकडे आहे आणि ते त्यांना फार जमतं, कारण त्यात काही करायचं नसतं. पण बाटली बाटलीत फरक असतो. पाण्याची बाटली पातळ आणि अंगभर वळ्यांची, ती दाबली की चुरगळते. गॅसच्या शीतपेयाची दोन लिटरची बाटली जाड आणि मधे गुळगुळीत. तिच्या लेबलाखालच्या भागातून इंच इंच रुंदीची कडी कापायची. एक कडं उलगडलं की तेरा इंचांची पट्टी होते. पुठ्ठ्याऐवजी तोरणाच्या पाठीला हीच घालायची, तिला पेठचा पाऊस काय करणार! मात्र ती गोल व्हायचा हट्ट सोडत नाही. इस्त्रीने सरळ करायला गेलं तर आक्रसते. मग दोन पट्ट्या एकमेकींकडे पाठ करून ठेवायच्या, एकीचा बाक इकडे, दुसरीचा तिकडे. रुसलेल्या दोन जावा एका ओट्यावर उभ्या केल्यासारखं होतं. दोघी ताठ उभ्या राहतात आणि काम होतं. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. दोन थरांना मिळून सात-आठ पट्ट्या लागतात, दोन बाटल्यांत त्या निघतात. गरम सुईने भोकं पाडून त्या काठाच्या आत शिवून टाकायच्या.

बाटलीचं बूड फेकू नये. शीतपेयाच्या बाटलीला खाली पाच फुगवटे असतात, गॅसचा दाब सोसायला केलेले. बुडापासून दोन इंचांवर कापून उलटं धरलं की पाच पाकळ्यांचा चाफा दिसतो. कापलेली कड बोट कापते, म्हणून कोमट इस्त्रीवर कागद ठेवून ती कड क्षणभर टेकवायची. ती आपोआप आत वळते आणि गुळगुळीत होते. क्षणभर म्हणजे क्षणभरच, कारण हे प्लास्टिक सत्तर-ऐंशी अंशांपुढे आकार सोडायला लागतं, आणि 'अजून जरा' म्हणेपर्यंत चाफ्याची गोगलगाय होते. मग सरळ ठेवलं की टेबलावर सुपारी-लवंग ठेवायला वाटी तयार. त्यात पणती ठेवायची सूचना दर दिवाळीला कोणी ना कोणी करतं. ज्योतीला ऐंशी अंश कुठले पुरतात! ठेवायचीच तर सेलवरची पणती ठेवावी. रंगवायचं असेल तर आधी पॉलिश पेपरने घासावं, नाहीतर रंग नखाने निघतो. मी रंगवत नाही. हिरव्या बाटलीचा हिरवा चाफा मला चालतो, आणि पाहुण्यांना काय ते कळतही नाही.

जाऊबाईंच्या मुलीच्या रुखवतात अशा वाट्या आणि असंच तोरण मांडलं होतं. वरपक्षाच्या एका आत्याबाईंनी काठ बोटाच्या चिमटीत धरून विचारलं, "पैठणीचा का?" सासूबाई म्हणाल्या, "येवल्याकडचा." दुकान त्या दिशेलाच होतं, तेव्हा अगदीच खोटं नव्हे.

बिनकाठाच्या साड्या मग बोहारणीला द्यायच्या ठरल्या. तिने पहिली घडी उलगडली, इकडून तिकडे फिरवली, दुसरी उलगडली. "काठ कुठं गेला?"

सासूबाईंनी दाराकडे बोट दाखवलं.

बोहारीण उठली, तोरणाखाली उभी राहिली, लोंबणारी एक पट्टी हातात घेऊन तिने मागची शिवण पाहिली, आतली बाटली दाबून पाहिली. मग परत येऊन साड्या बाजूला सारल्या. "ह्या सगळ्यांचं मिळून एक चाळण देते. ते वरचं दिलंत तर झाकणाचं पातेलं."

"पातेलं किती लिटरचं?" सासूबाईंनी विचारलं.