किती बाय किती?

एजंट : जाहिरात लिहून झालीय, फोटोच तेवढे राहिलेत. ऐका. ‘प्रशस्त हॉल.’

फोटोग्राफर : किती बाय किती?

एजंट : अहो, प्रशस्त म्हटलं ना!

फोटोग्राफर : प्रशस्तचा फोटो येत नाही, दहा बाय पंधराचा येतो. लिहून घ्या : लेसर मीटरने भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजायचं, तेही दोन-दोन जागी. भिंती काटकोनात असतील असा भरवसा बांधणाऱ्यालाही नसतो.

एजंट : त्यापेक्षा 16 एमएमची लेन्स लावा. हॉलचं मैदान होतं!

फोटोग्राफर : मैदान होतं, आणि कडेचा फ्रिज कपाटाएवढा रुंद होतो. फ्रेमच्या कोपऱ्यातलं गोल घड्याळ लंबगोल दिसतं. हल्लीची गिऱ्हाइकं आधी घड्याळ बघतात. मी 24 एमएम लावीन, कॅमेरा चार फुटांवर ठेवीन, आणि दार फ्रेममध्ये घेईन. दार साधारण सात फुटी असतं हे लोकांना माहीत असतं. बाकीचा हिशेब ते स्वतः करतात.

एजंट : तेच तर नकोय! बरं, पुढचं. ‘दिवसभर भरपूर उजेड.’

फोटोग्राफर : किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत?

एजंट : आता उजेडही मोजणार?

फोटोग्राफर : दिवे बंद करून सकाळी नऊ, दुपारी एक, संध्याकाळी पाच, असे तीन फोटो. कॅमेरा मॅन्युअलवर, तिन्ही वेळा एक्स्पोजर तेच. ऑटोवर ठेवला तर तो अंधाऱ्या खोलीलाही उजळवून देतो. तुमच्यासारखाच आहे तो.

एजंट : टोमणे नकोत. ‘650 फूट कार्पेट.’

फोटोग्राफर : किती?

एजंट : ऐकू आलं तुम्हाला.

फोटोग्राफर : परवा मी मोजलं तेव्हा हॉल 150, बेडरूम 110 आणि 100, किचन 56, दोन बाथरूम मिळून 56, पॅसेज 30. बेरीज 502. आतल्या भिंतींचे साधारण 20 धरा, त्या कार्पेटमध्ये येतात. झाले 522.

एजंट : बाल्कनी धरा की!

फोटोग्राफर : 40. पण 2016 च्या रेरा कायद्यात बाल्कनी कार्पेटमध्ये येत नाही. आणि धरली तरी 562. उरलेल्या 88 फुटांचा फोटो कुठे उभं राहून काढू?

एजंट : लिफ्टसमोर. जिन्यात. सगळेच असं लिहितात हो!

फोटोग्राफर : म्हणजे जिन्यात गादी घालायची?

एजंट : तुम्ही फोटो काढायला आलात की घर घ्यायला?

फोटोग्राफर : फोटोंखाली माझं नाव जातं. 522 लिहा आणि बाल्कनी वेगळी दाखवा.

एजंट : 522 वाचून बघायला कोण येणार?

फोटोग्राफर : ज्याला 522 फुटांचं घर हवंय तो. 650 वाचून येणारा दारातूनच परत जातो.